पीडीएफमध्ये घातलेला व्हिडिओ समोरच्याकडे का चालत नाही?

कॅटलॉग किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेताना बरेच ग्राहक म्हणतात, "आमची क्लिप पीडीएफच्या आतच टाका, म्हणजे एकच फाइल पाठवता येईल." टाकता येते. पण ती फाइल ज्याला पाठवाल, त्याच्याकडे क्लिप चालेलच असं नाही. बहुतेक वेळा चालतच नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी हे पत्रक वाचावं, अशी विनंती आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. पॅकिंग मशीनचा बारा पानी कॅटलॉग साधारण ४ एमबीचा आहे आणि त्यात मशीन चालतानाची दीड मिनिटाची क्लिप हवी आहे. सेकंदाला २ मेगाबिट या बेताच्या दर्जाची एमपी४ क्लिप धरली, तरी ती सुमारे २२ एमबी भरते. म्हणजे फाइल झाली २६ एमबी. जीमेलवर अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, त्यामुळे ही फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते. पुण्याचा खरेदीदार ती लिंक ब्राउझरमध्ये उघडतो. पान सुरेख दिसतं, क्लिपच्या जागी मशीनचा फोटोही दिसतो. तो फोटोवर टिचकी मारतो आणि काहीच होत नाही. कारखानदाराला वाटतं, फाइल खराब झाली.

फाइल चांगलीच असते. पीडीएफमध्ये क्लिप पानाच्या मजकुरात मिसळलेली नसते. ती पानावर ठेवलेल्या एका चौकटीला जोडलेली असते आणि त्या चौकटीचं एक स्थिर चित्र वेगळं साठवलेलं असतं. पीडीएफ दाखवणाऱ्या ॲपला ही चौकट चालवता येत नसेल, तर ते निदान चित्र तरी दाखवतं. फोटो दिसतो म्हणून व्हिडिओही चालेल असा समज होतो, तो इथूनच. अक्षरं आणि चित्रं काढून दाखवणं एवढं काम प्रत्येक ॲप स्वतः करतं, पण क्लिपसाठी वेगळा प्लेअर जोडावा लागतो. शिवाय बाहेरून आलेल्या फाइलला आवाज आणि चित्रफीत चालवू देणं ही सुरक्षेची जोखीम समजली जाते. म्हणून क्रोम आणि फायरफॉक्समधल्या पीडीएफ खिडकीत, मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये आणि फोनवरच्या बहुतेक ॲपमध्ये ही सोय नाही. नुसत्या आवाजाच्या एमपी३ क्लिपचंही तसंच होतं.

कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये क्लिप चालते, पण तिथेही आधी वर पिवळी पट्टी येऊन या फाइलवर विश्वास ठेवायचा का, असं विचारलं जाऊ शकतं. होकार दिल्याशिवाय क्लिप सुरू होत नाही. काही ऑफिसांत आयटीवाल्यांनी ही परवानगी मुळातच बंद केलेली असते. जुन्या पीडीएफची गोष्ट आणखी वेगळी. २००८ नंतरच्या काळात बऱ्याच क्लिप फ्लॅशच्या आधारे चालत आणि अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं. तुमच्याकडे तशी फाइल असेल, तर मूळ क्लिप आणा. एमपी४ करून पुन्हा बसवावी लागेल.

दोष कुठे आहे, हे फाइलच्या आकारावरून बरंचसं कळतं. समोरच्याकडे पोचलेली फाइलही २६ एमबीचीच असेल, तर क्लिप आत आहे आणि अडचण ॲपची आहे. फाइल ४ एमबीच्या आसपास उतरली असेल, तर वाटेत कुणीतरी ती प्रिंट कमांडने पुन्हा पीडीएफ केली किंवा आकार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. त्यात क्लिप गळून पडते, फोटो तेवढा उरतो.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. अनोळखी लोकांकडे जाणाऱ्या फाइलमध्ये क्लिप आत घालू नका. त्याऐवजी आम्ही त्याच जागी फोटो ठेवतो, त्यावर प्लेचा त्रिकोण काढतो आणि त्याला क्लिपच्या वेबपत्त्याची लिंक देतो. साधी लिंक जवळपास प्रत्येक ॲपला कळते आणि कॅटलॉगचा आकार ४ एमबीच राहतो. छापील प्रतीसाठी बाजूला क्यूआर कोड येतो. लिंक शक्यतो तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पानाची द्या. यूट्यूबवर नवी क्लिप चढवली की तिचा पत्ता बदलतो आणि छापलेला क्यूआर जुन्याच क्लिपकडे नेत राहतो. स्वतःचं पान असेल, तर आतली क्लिप केव्हाही बदलता येते.

या पद्धतीला इंटरनेट लागतं, ही तिची मर्यादा. प्रदर्शनाच्या स्टॉलवर तुमचाच लॅपटॉप आणि त्यावर अ‍ॅक्रोबॅट रीडर असेल, तर क्लिप आत घालणं योग्यच. तिथे आम्ही आनंदाने घालून देऊ. सरकारी कामासाठी किंवा जतन करण्यासाठी पीडीएफ/ए मागितलं असेल, तर मात्र पानावर चालणारा व्हिडिओ किंवा आवाज त्या प्रकारात बसतच नाही. अशा वेळी क्लिप वेगळी एमपी४ फाइल म्हणून सोबत द्या.

ऑर्डर देताना फाइल कुणाकडे जाणार आणि ती फोनवर पाहिली जाईल की कॉम्प्युटरवर, एवढं आम्हाला सांगा. मूळ क्लिप पेनड्राइव्हवर आणा. व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली, तर ती दाबली जाऊन दर्जा उतरतो. पाठवायचीच असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.