जेवणाच्या बैठकीपूर्वीची आहारविचारणा (गोवा)

दुपारच्या जेवणाला जोडून बैठक ठेवताना पाहुण्यांना काय चालते आणि काय चालत नाही हे आधी विचारणे, आणि ठरलेले पदार्थ बैठकीच्या वेळेसोबत एकाच निरोपात कळवणे, अशी ही पद्धत आहे. पणजी, मडगाव, फोंडा येथील कार्यालये, सहकारी संस्था आणि साहित्यसंस्था यांच्या बैठकांना ती विशेष लागू पडते. याचे कारण गोव्यात माणूस काय जेवतो हे पुष्कळदा वारावर अवलंबून असते. बुधवारी नुस्त्याशिवाय, म्हणजे माशांशिवाय, पानावर न बसणारे अनेक हिंदू गोमंतकीय सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतात. काही जण गुरुवारही पाळतात. श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत शिवराक पाळणारे आणखी वाढतात. अनेक कॅथलिक ऍश वेन्सडेला आणि लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मांस टाळतात, पण मासे खातात. रमजानमध्ये रोजा असलेल्या पाहुण्याला दुपारच्या जेवणाचे आमंत्रणच गैरसोयीचे होते. त्याच्यासाठी बैठक सकाळी ठेवणे बरे. म्हणून तारीख बदलली की पदार्थांची यादीही पुन्हा विचारावी लागते. बहुतेक गोंधळ इथेच होतो: बैठक पुढे ढकलल्याचा निरोप सर्वांना जातो, जेवणाची ऑर्डर मात्र जुन्याच दिवसाची राहते.

‘व्हेज की नॉनव्हेज?’ हा प्रश्न गोव्यात अपुरा पडतो. मासे खाणारा पाहुणा मांस खाईलच असे नाही. कोंबडी खाणारा डुकराचे किंवा गाईचे मांस खाईलच असेही नाही. मुस्लिम पाहुण्याला मांस हलाल आहे का हे आधी कळायला हवे. तीन गोष्टी विचारल्या की काम भागते: त्या दिवशी काय चालेल, काय अजिबात चालत नाही, आणि न चालणाऱ्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का. तिसरा प्रश्न वेगळा ठेवायचा, कारण त्याच्या उत्तरावर स्वयंपाकघरातली भांडी, झारे आणि तेल ठरते. व्रत, धर्म, पथ्य की नावड, हे विचारण्याची गरज नसते. उत्तरे खासगीत मागवावीत. कोणाला मधुमेह आहे हे बैठकीच्या ग्रुपवर जाण्याचे काहीच कारण नाही.

पदार्थाच्या नावावरून आत काय आहे हे गोव्यात दर वेळी कळत नाही. तांबड्या भाजीत कधी सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, घातलेली असतात. भेंडीच्या कालदीनमध्ये ती सर्रास असतात. फेजॉआद हा राजम्याचा पदार्थ चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घालून शिजवतात, आणि पुलावातही चोरीस असू शकतो. बेबिंक दिसायला साधी मिठाई, पण तिच्यात अंड्याचे बलक भरपूर असतात. सोलकढीत बऱ्याच ठिकाणी लसूण ठेचून घालतात. खतखते कांदा-लसणाशिवाय होते, त्यामुळे सोमवार पाळणाऱ्यांना ते चालते. पण त्यात सुरण, बटाटा, रताळे, मुळा असे कंद पडतात, म्हणून जैन पाहुण्याला ते वाढता येत नाही. ‘भाजी चालेल ना?’ असे विचारून थांबणाऱ्या यजमानाच्या हातून हे सगळे निसटते.

एक उदाहरण पाहू. पणजीत बुधवारी आठ पाहुण्यांची बैठक ठरली. उत्तरे आली: एक जैन, एकाला कोळंबीची अ‍ॅलर्जी पण मासे चालतात, एक मुस्लिम पाहुणे ज्यांना मासे चालतात, एकांना मासे चालतात पण मधुमेह असल्याने जेवणाची वेळ चुकवता येत नाही, आणि उरलेल्या चौघांना मासे हवेत. म्हणजे सात पाने माशांची आणि एक जैन. मग बैठक पुढच्या सोमवारी गेली. यजमानाने पुन्हा विचारले तेव्हा चौघांपैकी तिघे आणि मधुमेह असलेले पाहुणे सोमवारी शिवराक निघाले. आता चार पाने शिवराक, तीन माशांची, एक जैन. जुनी ऑर्डर तशीच राहिली असती तर चौघांनी वरणभातावर भागवले असते, आणि ‘आज फारशी भूक नाही’ असे म्हणून यजमानाला सांभाळूनही घेतले असते. पाहुणा भात आणि सोलकढीवरच थांबला, तर बहुधा विचारणा नीट झालेली नसते.

अशा वेळी प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक मागण्यापेक्षा शिवराक पान हाच पाया धरणे सोपे. वरण, भात, खतखते, दोडक्याची भाजी, बिनलसणाची सोलकढी आणि बेबिंकऐवजी मणगणे. वरण आणि दोडका कांदा-लसणाशिवाय केला की जैन पानात फक्त खतखते गाळावे लागते, आणि त्याच्या जागी मुगाची आमटी देता येते. मासे हवे असलेल्या तिघांच्या पानात वर तळलेले विसवण. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी मासा वेगळ्या तव्यावर, ताज्या तेलात तळायला सांगावे लागते, कारण कोळंबी तळलेल्या तेलात तिची प्रथिने उतरतात आणि शिजवल्याने त्यांचा त्रास देण्याचा गुण जात नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, चालतील का हेही त्यांना विचारून घ्यावे. शिंपल्यांतले प्रथिन कोळंबीतल्या प्रथिनाशी जुळणारे असते. माशांचे मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन निराळे, म्हणून कोळंबी न चालणाऱ्या अनेकांना मासे चालतात.

पक्का निरोप असा जातो: ‘नमस्कार. बैठक सोमवारी दुपारी 12.30 वाजता. 12.45 ला पाने वाढू, चर्चा 1.30 पासून. जेवण शिवराक: वरण, भात, खतखते, दोडका, सोलकढी, मणगणे, कांदा-लसूण नाही. ज्यांनी सांगितले आहे त्यांना विसवण. कोळंबी कशातही नाही. काही बदल असेल तर रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत मला एकट्याला कळवा.’ पाने वाढण्याची वेळ वेगळी लिहिलेली असते, कारण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेला पाहुणा दोन वाजेपर्यंत भाषणे ऐकत बसला तर त्याची साखर उतरू शकते. ‘12.30 ला बैठक व जेवण’ एवढ्या निरोपावरून त्याला औषध केव्हा घ्यायचे ते ठरवता येत नाही. आदल्या संध्याकाळची मुदत खानावळीसाठी असते; मासळी सकाळीच घेतली जाते, नंतर आकडा बदलणे खानावळीला जड जाते. यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते त्या 1 जून ते 31 जुलै या काळात ठरलेला मासा न मिळण्याचा संभव जास्त असतो, म्हणून निरोपात ‘विसवण किंवा मिळेल तो मासा’ असे लिहितात. बदली मासा चालतो, बदली कोळंबी नाही, हे खानावळीलाही त्याच वेळी सांगून ठेवावे लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ज्या स्वयंपाकघरात रोज कोळंबी शिजते तिथे तिचा अंशही लागणार नाही, अशी हमी प्रामाणिक आचारी देणार नाही. पाहुण्याची अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर सर्वांचेच जेवण शिवराक खानावळीत ठेवणे हा खरा उपाय. तिथे कोळंबीचा प्रश्न सुटतो, पण शेंगदाणे, काजू आणि जैन पथ्य यांचा सुटत नाही. ते विचारावेच लागते.