पणजीचं काळं कुंकू : खिडकी, दिवा आणि फ्लॅशची पार्श्वभूमी

आमच्या घरी पणजीचा एक जुना फोटो आहे. नऊवारी, नाकात नथ, आणि कपाळावर ठसठशीत काळा गोल. लहानपणी मला वाटायचं, ती विठ्ठलाची भक्त होती म्हणून बुक्का लावत असेल. वडिलांनाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे ते लालभडक कुंकू होतं. ते काळं झालं फोटोच्या काचेवर. आणि कुंकवाला जे झालं, तेच थोड्या प्रमाणात तिच्या सावळ्या चेहऱ्यालाही झालं.

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर तयार झाले. तेव्हा काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन फोटो घेत. त्या थराला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा न दिसणारा प्रकाश कळायचा. लाल रंग त्याच्या दृष्टीने अंधारच. म्हणून कुंकू काळं, हळद लावलेले गाल मळकट आणि फिकट निळं लुगडं जवळजवळ पांढरं.

कातडीचा रंग दोन गोष्टींवर ठरतो. एक मेलॅनिन, दुसरं रक्त. दोन्ही निळा प्रकाश भरपूर शोषतात आणि लाल बराचसा परत पाठवतात. माणूस गोरा असो की काळा, त्याच्या चेहऱ्यावरून येणाऱ्या प्रकाशात लालच जास्त असतो. जी काच लाल बघतच नाही, तिला सावळा चेहरा आहे त्यापेक्षा दोन पायऱ्या गडद दिसणार, आणि त्यावरचा प्रत्येक वांग, डाग, सुरकुती उठून दिसणार. जुन्या फोटोंतली आपली माणसं इतकी काळी आणि करारी दिसतात, त्यात स्वभावाचा वाटा थोडा आणि रसायनाचा मोठा आहे.

अशा काचेला निळा प्रकाश पुरवायचा तर आकाश हवं. म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे उतरतं काचेचं छप्पर, खाली पांढरे-निळे पडदे. उत्तरेकडून ऊन येत नाही, फक्त आकाशाचा पसरलेला उजेड येतो, हा युरोपातला नियम. मुंबईत तो पुरता लागू पडत नाही. आपण १९ अंशांवर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. मे महिन्यात ‘नॉर्थ लाइट’च्या भरवशावर बसलात तर अर्ध्या चेहऱ्यावर कवडसा येईल.

दिव्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. समई, कंदील, चिमणी यांच्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच. डार्करूममध्ये लाल कंदील चालायचा तो याच कारणाने, काचेला तो दिसायचाच नाही. मग त्या उजेडात माणसाचा फोटो कसा निघणार? चित्रकारांना ही अडचण नव्हती. जे.जे.मध्ये शिकलेल्या सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या आपल्या मुलीचं जलरंगातलं चित्र केलं, ते आज मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांच्या कडा त्यात आतून पेटल्यासारख्या लाल दिसतात. लाल प्रकाश कातडीत खोल शिरतो आणि पसरून बाहेर येतो, म्हणून हे होतं. दिव्याजवळ चेहरा मऊ दिसतो, त्याचंही तेच कारण.

फोटोग्राफीला हे जमायला रंग ओळखणारी काच लागली. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवं-पिवळंही दिसू लागतं. लालसुद्धा पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये इंग्लंडात बाजारात आल्या. त्या रोजच्या वापरात रुळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. मग मात्र तारेच्या बल्बखाली सावळा चेहरा उजळ, गुळगुळीत येऊ लागला. कुंकवाचं उलट झालं. आता ते इतकं फिकं येई की कपाळावर आहे की नाही ते शोधावं लागे. १९३४ साली सुरू झालेल्या बॉम्बे टॉकीजच्या मालाडच्या स्टुडिओत म्युनिकहून आलेले कॅमेरामन जोसेफ वीर्शिंग याच तापट दिव्यांनी नटनट्यांचे चेहरे उजळत होते.

फ्लॅशचा जन्म १८८७चा. मीठे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत ऑक्सिजन पुरवणारा क्षार मिसळला. काडी लावली की भक्कन उजेड, मागे पांढरा धूर आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. १९२९-३० मध्ये काचेचा बल्ब आला, एकदा वापरून फेकायचा. १९३१ मध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी विजेचा, पुन्हा पुन्हा उडणारा फ्लॅश विकसित केला. फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडाजवळ, ५५०० केल्विनच्या आसपास. म्हणजे रंगाच्या बाबतीत तो खिडकीचा भाऊच. त्याची बदनामी झाली ती जागेमुळे. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला.

हे सगळं एकदा एकाच चेहऱ्यावर पाहावं म्हणून मागच्या जुलैत गिरगावात आत्याकडे गेलो. चाळीतली एक खोली, भिंती पिस्ता रंगाच्या, छत चुन्याने पांढरं. आत्या माझ्या पणजीसारखीच सावळी, आणि अजूनही टिकली न लावता पिंजर लावते. खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवली. ५० मिमीची लेन्स, एफ/२.८, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा तो आकडा, मुद्दाम ५५०० वर अडकवून ठेवला. कॅमेऱ्याला स्वयंचलित ठेवलं की तो तिन्ही उजेड सारखे करायला बघतो आणि तुलनाच मरते.

खिडकीपाशी १/६० सेकंद, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४००. नाकाच्या सावलीची कड विरघळलेली, कारण चेहऱ्याच्या मानाने खिडकी मोठी आणि जवळ. पण सगळाच चेहरा निळसर. आधी ढगांना दोष दिला. मग लक्षात आलं, समोरच्या गॅलरीवर पावसासाठी निळी ताडपत्री बांधली होती. आत्याच्या हातात पांढरा कागद देऊन त्यावरून रंग दुरुस्त केला. उजेडाकडचा गाल जागेवर आला, सावलीतला मात्र हिरवट राहिला. तो रंग पिस्ता भिंतीवरून उसळून येत होता, आणि एका चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड असले की एका आकड्याने दोन्ही दुरुस्त होत नाहीत. शेवटी भिंतीच्या बाजूला दोरीवर पांढरी चादर टाकली.

“फोटो काढतोयस की वाळत घालतोयस?” आत्या म्हणाली.

संध्याकाळी खिडकी लावून टेबललॅम्प पेटवला. त्यात ९ वॅटचा पिवळा एलईडी होता. १/६० वर आयएसओ १६०० लागला. अडकवलेल्या ५५०० मुळे फोटो नारिंगी आला, ते अपेक्षितच. पण पांढऱ्या कागदावरून दुरुस्त केल्यावर आत्या आजारातून उठल्यासारखी दिसू लागली, आणि पिंजर विटेच्या भुग्यासारखी. कपाटात जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब निघाला. तो लावला आणि पुन्हा दुरुस्ती केली, तर पिंजर एकदम जिवंत. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल भाग तुटपुंजा असतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० लिहिलेला असला तरी ती काही ठरावीक रंगांची सरासरी असते, आणि तिच्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. त्याचा आकडा आर९ म्हणून वेगळा द्यावा लागतो, तो बहुतेक खोक्यांवर नसतोच. जो रंग उजेडात नाही तो नंतर कॉम्प्युटरवर आणता येत नाही. कुंकू हीच सोपी चाचणी. ते मेलं असेल तर चेहराही मेलेला आहे.

तारेच्या बल्बची खोड वेगळी. त्यात निळं कमी, त्यामुळे पूर्ण पांढरं करायला गेलं की डोळ्यांखालच्या सावल्यांत दाणे उमटतात. शिवाय तो पूर्ण पांढरा केला तर दिवा लावला कशाला? मी दुरुस्ती अर्ध्यावर सोडली. कागद किंचित पिवळा, चेहरा उबदार. सावल्या मात्र चाकूने कापल्यासारख्या होत्या, कारण बल्ब एवढासा. लॅम्पवर कागदी शेड बसवली तेव्हा त्या जरा नरमल्या.

मग फ्लॅश, थेट कॅमेऱ्यावरून. जुलैतली मुंबई, कपाळ आणि नाक घामाने चकाकलेलं, मधोमध पिंजरेचा एक कोरडा मंद ठिपका. खोली अंधारात गेली, कारण फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो आणि १/२०० सेकंद उघड्या शटरला खोलीतला दिवा पुरत नाही. मागे गडद कपाट होतं, तेव्हा कॅमेऱ्याच्या हिशेबाने दृश्य अंधारं ठरलं आणि त्याने चेहरा आणखी उजळून राखेसारखा केला. फ्लॅश एक पायरी कमी केल्यावर सावळा रंग परत आला. घामावर इलाज जुन्या स्टुडिओवाल्यांचाच, पावडरचा डबा. छताकडे वळवून उडवल्यावर चकाकी गेली, पण डोळ्यांच्या खोबणी काळवंडल्या.

शेवटी तीच पांढरी चादर खिडकीवर टांगली, फ्लॅश बाहेर गॅलरीत ठेवला आणि चादरीतून आत उडवला. रात्रीचे नऊ वाजले होते. शेजारच्या काकूंना दुपारचा आणि हा, असे दोन फोटो दाखवले. खिडकीतला कुठला, ते त्यांना सांगता येईना. रंग तोच, दिशा तीच, आकार तोच.

ओळखायची एक जागा मात्र राहते, डोळ्यांची बुबुळं. दुपारच्या फोटोत, मोठा करून पाहिला तर, त्यांत खिडकीचे गज मोजता येतात, रात्रीच्या फोटोत नुसता पांढरा चौकोन. घरी आल्यावर भिंग घेऊन पणजीचा फोटो पाहिला. दोन्ही डोळ्यांत वरच्या कडेला एक तिरपी उजळ पट्टी आहे, काचेच्या छपराची.