सेप्सिसमध्ये केशवाहिन्यांचं काय होतं?

मार्च २०१२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधला रोरी स्टाँटन हा बारा वर्षांचा मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळताना पडला आणि त्याचा हात खरचटला. त्यानंतर त्याला सणसणून ताप भरला, उलट्या सुरू झाल्या, पाय दुखू लागला. डॉक्टरांना पोटाचा संसर्ग वाटला. रुग्णालयात सलाईन लावून, उलटीचं औषध देऊन त्याला घरी पाठवलं, तेव्हाही नाडी फार जलद होती. रक्ताचे अहवाल तो घरी गेल्यावर आले. अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी त्यात खूप जास्त दिसत होत्या, म्हणजे शरीर राखीव सैन्यही बाहेर काढत होतं. हे घरच्यांना कुणी कळवलं नाही. १ एप्रिलला तो सेप्सिसने गेला. जंतू होता स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस. तुमच्याआमच्या घरात मुलांचा घसा धरतो, त्यातही अनेकदा हाच असतो.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, ‘जंतू रक्तात पसरले.’ यात अर्धंच खरं आहे. सेप्सिस झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, एकही जंतू वाढत नाही. उलट दात काढल्यावर काही मिनिटं रक्तात जंतू सापडतात आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून २०१६ साली तज्ज्ञांनी व्याख्या बदलली. संसर्गाला शरीर जे उत्तर देतं तेच बेताल होऊन अवयव निकामी व्हायला लागले, तर तो सेप्सिस. सुरुवात न्यूमोनियाने, लघवीच्या संसर्गाने, पावसाळ्यात लेप्टोने किंवा मलेरियानेही होऊ शकते.

हे बेताल उत्तर नेमकं कुठे घडतं, हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा थोडं थांबून सांगतो. आपल्या सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकच थर असतो. केसाहूनही कितीतरी बारीक अशा केशवाहिन्यांमध्ये तर भिंत म्हणजे जवळजवळ हा थरच. त्यावर साखर आणि प्रथिनांची एक नाजूक बुळबुळीत साय असते. ही साय रक्तातलं पाणी आत धरून ठेवायला मदत करते आणि पेशींना भिंतीला चिकटू देत नाही.

हाताला साधी जखम चिघळते तेव्हा त्या जागी ही साय मुद्दाम विरघळवली जाते. वाहिन्या रुंदावतात, भिंतीतल्या पेशींमधल्या फटी उघडतात, पांढऱ्या पेशी आणि पाणी बाहेर उतरतं. जागा लाल होते, सुजते, ठणकते. जंतू निसटू नये म्हणून आसपास बारीक गुठळ्याही होतात. ही सगळी व्यवस्था इंचभर जागेपुरती असते, तोवर ती उत्तम आहे. साधा संसर्ग तो हाच.

सेप्सिसमध्ये हेच अख्ख्या शरीरात एकदम सुरू होतं. धोक्याचा निरोप देणारी रसायनं रक्तातून सगळीकडे पोचतात. वाहिन्यांच्या भिंती भरमसाट नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. साय जाते, पाणी झिरपून ऊतींमध्ये साचतं, नळ्यांत रक्त कमी पडतं. उरलेल्या वाटा सूक्ष्म गुठळ्या अडवतात. कालव्याला जागोजाग भगदाडं पडून मधल्या चाऱ्या गाळाने बुजल्या, तर धरण भरलेलं असूनही टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, तसं होतं. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९७ दाखवत असतं आणि मूत्रपिंडातल्या पेशी मात्र ऑक्सिजनवाचून तडफडत असतात.

त्यात पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही बिघडते, म्हणजे पोचलेला ऑक्सिजनसुद्धा नीट वापरला जात नाही. पेशी ऊर्जा तयार करताना बनणारं लॅक्टेट मग रक्तात वाढतं. ते फक्त ऑक्सिजनच्या टंचाईने वाढतं असं नाही, शरीरातल्या अ‍ॅड्रेनालिनच्या माऱ्यानेही वाढतं. पण कारण काहीही असलं तरी लिटरमागे २ मिलिमोलच्या वर गेलेला आकडा डॉक्टरांना सावध करतो.

आता लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. रक्तातलं आम्ल वाढलं की ते कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला श्वास जलद होतो. मेंदूला पुरवठा कमी पडला की माणूस असंबद्ध बोलतो किंवा नुसता झोपून राहतो. मूत्रपिंड हात आखडतं आणि लघवी कमी होते. त्वचेचा पुरवठा तुटला की गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते. ताप मात्र भरवशाचा नाही. म्हाताऱ्या माणसात आणि तान्ह्या बाळात अंग उलट गार पडू शकतं, आणि ‘ताप उतरला, बरं वाटतंय’ म्हणून घरचे निर्धास्त होतात.

वेळेचं महत्त्वही याच भिंतीत आहे. प्रतिजैविक जंतू मारतं, पण फाटलेली साय शिवत नाही. सुरुवातीला जंतू मेला की निरोप थांबतात आणि भिंत सावरते. पुढे मात्र गुठळ्या, झिरपणं आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला माल हेच नवे निरोप पाठवू लागतात. मग जंतू संपला तरी वणवा चालूच राहतो.

रोरीच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये नियम केले. सेप्सिसचा संशय आला की तीन तासांत रक्ताचं कल्चर, लॅक्टेट आणि प्रतिजैविक झालंच पाहिजे. त्यामुळे १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ रुग्णांची माहिती जमली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या तीन गोष्टी पूर्ण व्हायला लागलेल्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढत होती. हे चार टक्के मूळ धोक्याच्या प्रमाणात आहेत, शंभरातले आणखी चार रुग्ण असा अर्थ काढू नये. सलाईन लवकर पूर्ण दिल्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि झिरपणाऱ्या भिंतींचा विचार केला तर त्याचं फार नवल वाटत नाही. हा अभ्यास नोंदींवरचा आहे. ज्यांचा आजार चटकन ओळखू येतो त्यांचे उपचारही लवकर होतात, हा गुंता त्यात राहतोच.

म्हणून प्रत्येक तापाला तासाभरात प्रतिजैविक, असा अर्थ होत नाही. रक्तदाब कोसळलेला असेल किंवा सेप्सिसच असण्याची दाट शक्यता असेल तर एक तास. नुसता संशय असेल, रक्तदाब ठीक असेल, तर तपासायला तीन तासांपर्यंत मुभा असते.

मधल्या काळात ‘व्हिटॅमिन सी’च्या इंजेक्शनांचा बराच गाजावाजा झाला होता. एका छोट्या अभ्यासावर उड्या पडल्या. २०२२ च्या मोठ्या चाचणीत व्हिटॅमिन सी दिलेल्यांची अवस्था उलट वाईट निघाली. आणि चिघळलेल्या जखमेवर अंगारा लावून अमावास्या टळेपर्यंत वाट पाहणाऱ्यांबद्दल काय बोलावं? जे तास हातात असतात तेच ते घालवतात.

घरी दोन गोष्टी मोजता येतात. प्रौढ माणूस शांत पडलेला असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. साधारण १२ ते २० ठीक, २२ किंवा जास्त असतील आणि सोबत संसर्ग असेल तर सकाळची वाट पाहू नका. (लहान मुलांचे आकडे वेगळे असतात.) दुसरी लघवी. साठ किलोच्या माणसाला ताशी निदान ३० मिलीलिटर व्हायला हवी. सहा तासांत १८० मिलीलिटर, म्हणजे साधारण पाऊण पेलाही झाली नसेल, तर तापाच्या आकड्याआधी डॉक्टरांना हे सांगा. श्वास, लघवी आणि ‘नेहमीसारखं बोलत नाहीये’ या तिन्ही गोष्टी कधीपासून, ते वेळेसकट सांगा.