रोलिंग सरासरी कालच्याशी ताडायची की मागच्या रविवारच्या?

वजनाची शीट बरेच जण बनवतात, ७ दिवसांची रोलिंग सरासरी पण काढतात आणि मग रोज सकाळी ती सरासरी कालच्यापेक्षा वर गेली की खाली हे बघत बसतात. मीही महिनाभर हेच केलं. कालच्या सरासरीशी तुलना आणि ७ दिवसांपूर्वीच्या सरासरीशी तुलना, दिसायला सारखंच वाटतं, पण दोन्हीतून कळतं ते वेगळंच.

आधी शीट. A मध्ये तारीख, B वजन, C कॅलरी, D स्टेप्स. पहिली ओळ नावांची, सोमवारपासून दुसऱ्या ओळीत भरायला घ्या, म्हणजे पहिला रविवार आठव्या ओळीत येतो. तिथे E8 मध्ये हे टाका, उजवीकडे F, G पर्यंत ओढा (कॅलरी आणि स्टेप्सची सरासरी आपोआप येते) आणि मग खाली ओढत न्या:

```
=AVERAGE(B2:B8)
```

आता माझे आकडे बघा. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७८.४, ७८.१, ७८.६, ७८.०, ७७.९, ७८.३, ७८.९. सरासरी ७८.३१. (रविवारी पावभाजी झाली होती, मीठ आणि पाणी बोलतंय ते.) दुसरा आठवडा: ७८.७, ७८.२, ७७.९, ७७.८, ७७.६, ७७.९, ७८.५. सरासरी ७८.०९. म्हणजे रविवार ते रविवार साधारण पाव किलो खाली, मस्त चाललंय.

पण मधल्या मंगळवारी काय झालं, तर काट्यावर आदल्या दिवसापेक्षा अर्धा किलो कमी दिसलं आणि शीटमधली सरासरी मात्र चक्क वाढली, ७८.३६ वरून ७८.३७! मला वाटलं फॉर्म्युला गंडलाय. गंडला नव्हता. सात दिवसांची ही खिडकी एक दिवस पुढे सरकली की सातातले सहा आकडे तेच राहतात, एक नवा आत येतो आणि एक जुना बाहेर पडतो, त्यामुळे सरासरी किती हलणार ते फक्त त्या दोघांच्या फरकावर, भागिले ७. मंगळवारी ७८.२ आत आला आणि मागच्या मंगळवारचा ७८.१ बाहेर गेला, म्हणून वाढ. थोडक्यात, कालच्याशी तुलना करता तेव्हा तुम्ही फक्त दोन दिवसांची वजनं ताडताय, त्यातलं एक आठवडाभर जुनं. सरासरी काढून जो गोंधळ घालवला तो मागच्या दाराने परत आत.

७ दिवसांपूर्वीच्या सरासरीशी ताडलं की दोन्ही बाजूला पूर्ण वेगळे सात दिवस येतात, प्रत्येकात एकेक रविवार, एकेक सोमवार. म्हणून H15 मध्ये हे, आणि बघायचं फक्त रविवारी:

```
=E15-E8
```

निर्णयही तेव्हाच. दोन रविवार ओळीने घट जवळपास शून्य आली तर आधी G कडे बघा. स्टेप्सची सरासरी ८,२०० वरून ६,९०० वर आली असेल तर जेवणाला हात लावायचं काही कारण नाही, चालणं परत आणा. स्टेप्स तेवढ्याच असतील तर मी रोजच्या १०० ते १५० कॅलरी कमी करतो, एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला कळत नाही. बदल केल्यावर पुढचा रविवार लगेच मनावर घेऊ नका, पाण्याचा चढउतार पाव किलोची घट सहज झाकतो. मी दोन आठवडे थांबतो.

कॅलरीची सरासरी तर डोळे उघडते. मी सगळ्यांना सांगायचो १,८०० खातो, सहा दिवस खातही होतो, पण रविवारचे २,८५० धरले की सरासरी १,९५०. वजन त्या १,९५० लाच उत्तर देतं.

जिथे हमखास चुकतं ती जागा म्हणजे राहिलेला दिवस. रिकामा सेल AVERAGE सोडून देतं, पण ० लिहिलंत तर ते मोजतं. वजनात ० टाकलं तर सरासरी ६७ वगैरे होते, लगेच दिसतं. स्टेप्समध्ये नाही दिसत, फोन घरी चार्जिंगला राहिला म्हणून ० लिहिलं की ८,००० ची सरासरी ६,८५७ होते आणि आपण समजतो की आळस वाढलाय. तो सेल रिकामा सोडा.

आणि पाळी येणाऱ्यांसाठी ७ दिवसांची तुलनाही फसवते, कारण पाळीच्या आधी बऱ्याच जणींच्या अंगात पाणी साठतं आणि एक आख्खा आठवडा वर दिसतो. तिथे चार आठवड्यांपूर्वीच्या रविवारशी ताडायचं, E36 मधून E8 वजा, सायकल २८ च्या आसपास असेल तर. नसेल तर पाळीच्या त्याच टप्प्यातला मागचा आठवडा शोधून घ्या, त्यासाठी एक जादा कॉलम करून पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवला की झालं.