फोटो 800 केबीचा, उघडल्यावर 200 एमबीचा

आमच्या वाचनालयाने जुन्या वाड्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली. एका काकांनी तीन फोटो जोडले, नाव-पत्ता-माहिती सगळं भरलं आणि ‘पाठवा’चं बटण दाबलं. समोर परत कोरा फॉर्म, वर ‘नाव भरणे आवश्यक आहे’. नाव तर भरलं होतं! त्यांनी तीनदा भरून पाहिलं, मग कुणीतरी सांगितलं की रात्री बारानंतर करा, नेट मोकळं असतं. रात्री बारानंतरही तेच झालं. होणारच, कारण घड्याळाचा इथे काही संबंध नाही.

ती साइट पीएचपी या भाषेत लिहिलेली होती. तिच्या सेटिंगमध्ये या तीन ओळी होत्या:

```
upload_max_filesize = 10M
post_max_size = 8M
memory_limit = 128M
```

पहिली मर्यादा एका फाइलची. मूळची ती 2 एमबीच असते, मोबाइलचे फोटो बसावेत म्हणून कुणीतरी वाढवून 10 केलेली. दुसरी मर्यादा सगळ्या फॉर्मची मिळून, आणि ती तशीच 8 वर राहिली. काकांचा प्रत्येक फोटो 3 एमबीचा, म्हणजे एकेकटा नियमात बसणारा. तिन्ही मिळून मात्र 9. एकूण माल मर्यादेबाहेर गेला की पीएचपी फक्त फोटो नाकारत नाही, फॉर्मचा सगळाच मजकूर प्रोग्रामच्या हाती रिकामा देते. प्रोग्रामला दिसतं की नावच नाही. खरं कारण सर्व्हरच्या नोंदवहीत एका ओळीत लिहिलेलं असतं, पण ती ओळ काकांपर्यंत पोचत नाही.

ही दुरुस्ती दोन मिनिटांची होती. माझं कुतूहल चाळवलं ते दुसऱ्या एका फोटोने. तो 50 मेगापिक्सेलच्या मोबाइलवर काढलेला होता आणि पाठवणाऱ्याने ‘कॉम्प्रेस’ करून फक्त 800 केबीवर आणला होता. तरी तो गायब! बटण दाबल्यावर नुसतं पांढरं पान.

हे समजायला जेपेग फोटो लहान कसा होतो ते पाहावं लागेल. जेपेग चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले 64 आकडे ते दुसऱ्या 64 आकड्यांत बदलतं. त्यातला पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो आणि पुढचे आकडे उजेड किती भरभर बदलतो ते सांगतात. निळ्या आभाळाच्या चौकोनात पुढचे आकडे अगदी बारीक असतात. मग प्रत्येक आकड्याला ठरलेल्या संख्येने भागून पूर्णांक घेतात. समजा आकडा 13 आहे. 10 ने भागला तर 1 येतो, 40 ने भागला तर 0. ‘दर्जा कमी करा’ म्हणजे हे भाजक मोठे करा. शून्यांच्या लांबच लांब रांगा तयार होतात, आणि ‘इथून पुढे सगळी शून्यं’ एवढं लिहायला जागा किती लागणार? ‘दर्जा अजिबात न गमावता जेपेग दहापट लहान’ अशा ॲपच्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. शून्य झालेला 13 परत येत नाही.

पण यात पिक्सेलची संख्या जराही कमी होत नाही. साइटला त्या फोटोची छोटी प्रत बनवायची असते, त्यासाठी तो मेमरीत उघडावा लागतो. तिथे शून्यांची बचत संपते, प्रत्येक पिक्सेल पूर्ण मांडावा लागतो आणि एकाला साधारण 4 बाइट लागतात. 8160 गुणिले 6120 म्हणजे जवळपास 5 कोटी पिक्सेल, म्हणजे सुमारे 200 एमबी. वरच्या तिसऱ्या ओळीप्रमाणे मेमरीची परवानगी 128 ची. प्रोग्राम अर्ध्यात बंद पडतो. आलेली फाइल तोवर तात्पुरत्या जागेत असते. तिथून ती वेळेत हलवली गेली नाही, तर काम संपताच पीएचपी ती स्वतःच पुसून टाकते. फोटो पोचला होता, आणि पोचल्यावर पुसला गेला.

त्यामुळे अशा वेळी दर्जाची पट्टी ओढून उपयोग नसतो, लांबी-रुंदी कमी करावी लागते. तोच फोटो 2000 गुणिले 1500 केला की उघडल्यावर 12 एमबी लागतात. फाइल 800 केबीपेक्षा थोडी मोठी राहिली तरी चालतं.

काय बिनसलं ते पाठवणाऱ्यालाही बरंचसं ओळखता येतं. लिहिलेला मजकूरही उडाला, तर एकूण आकाराची मर्यादा तपासा आणि एकेक फोटो पाठवून पाहा. मजकूर राहिला पण फोटो नाही, तर एका फाइलची मर्यादा किंवा फॉरमॅट. आयफोनच्या `.heic` फाइलला `.jpg` नाव देऊन भागत नाही, कारण खऱ्या जेपेगचे पहिले तीन बाइट `FF D8 FF` असतात आणि नीट लिहिलेला प्रोग्राम नावाऐवजी तेच वाचतो. आणि पांढरं पान आलं, तर आधी फोटोचे पिक्सेल मोजा.

काकांचे तिन्ही वाडे आता भिंतीवर लागले आहेत. 50 मेगापिक्सेलवाल्यांना मी लहान करून परत पाठवायला सांगितलं, त्यांच्या वाड्याच्या दारावरचं कोरीवकाम 2000 पिक्सेलमध्येही स्वच्छ दिसतं.