30 टक्के बदलाची पळवाट कायद्यात नाही

“कुर्त्याचं डिझाइन एआय टूलकडून करून घेताना प्रॉम्प्टमध्ये ‘बर्बेरी चेक’ लिहिलं, पण लोगो काढला आणि 30 टक्के बदल केला. आता कुर्ता विकायला चालेल ना?”

नाही. अशी टक्केवारी कोणत्याच कायद्यात नाही. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडची ती चौकडीच नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे: बेज जमिनीवर काळ्या, पांढऱ्या, लाल रेषा. ट्रेडमार्क कायदा, 1999 साधर्म्य पाहतो. नाशिकच्या मेनरोडवर गिऱ्हाइकाला ती दुरून ‘तीच’ वाटली, तर लोगो नसल्याचा फारसा उपयोग नाही.

नुसतं नाव खोडूनही भागत नाही. ‘बेज चेक’ म्हटलं की टूल तिकडेच घसरू शकतं. म्हणून जमीन आणि रेषा दोन्ही आपल्या सांगा: ‘जांभळी जमीन, मोहरी रंगाच्या असमान रेषा, कापडावर अक्षरं नाहीत’. मग चित्र मोठं करून कॉलर, बटणं, बकल पाहा, अर्धवट लोगो बहुधा तिथेच लपतो. शेवटी तेच चित्र गूगल लेन्सवर शोधा. तोच ब्रँड वर आला, तर रंगसंगती पुन्हा बदला.