गच्ची सगळ्यांची, मीटर ज्याचं त्याचं

आपल्याकडच्या बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सौर पॅनेलची गोष्ट एकाच जागी येऊन थांबते. गच्चीवर पॅनेल बसतात, त्यांची तार सोसायटीच्या सामायिक मीटरला जोडतात, आणि लिफ्ट, पंप व जिन्यातल्या दिव्यांचं बिल खाली येतं. पण सामायिक मीटरचा वापर मर्यादित आणि मंजूर भारही मर्यादित. त्यामुळे दहा-बारा किलोवॅट बसले की तिथली गरज भागते आणि उरलेली गच्ची पापड वाळवायला मोकळी राहते. खालच्या सदनिकांमध्ये मात्र एसी चालूच असतात आणि त्यांची बिलं जशीच्या तशी येतात.

प्रत्येक सदनिकेसाठी गच्चीवर वेगळे पॅनेल, वेगळा इन्व्हर्टर आणि चार मजले खाली उतरणारी वेगळी केबल, हा उपाय कागदावर सोपा दिसतो. चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत मात्र तो केबलांचा गुंता होऊन बसतो. शिवाय पाण्याच्या टाकीची सावली कोणाच्या पॅनेलवर पडणार, यावरून भांडण ठरलेलंच.

वीजकंपनीच्या जाळ्यात दिलेली सौर वीज बिलातल्या युनिटांतून वजा होणं म्हणजे नेट मीटरिंग. त्याचा आभासी प्रकार, आभासी नेट मीटरिंग, या गुंत्याला बगल देतो. गच्चीवर एकच संच, त्याला एकच इन्व्हर्टर किंवा इन्व्हर्टरांचा एक गट, आणि एक वेगळं सौर मीटर. तयार होणारी सगळी वीज त्या मीटरमधून थेट वीजकंपनीच्या जाळ्यात जाते. सदनिकांच्या वायरिंगला हातही लागत नाही. महिन्याच्या शेवटी सौर मीटरवर जितकी युनिटं दिसतात, ती आधी ठरलेल्या टक्केवारीने सभासदांच्या बिलांत वजा होतात. ‘आभासी’ आहे ती ही वाटणी. वीज खरीच असते आणि ती सगळ्यात जवळ जिथे मागणी असेल तिथे खर्च होते. दुपारी एक वाजता तुमच्या वाट्याचं युनिट कदाचित पलीकडच्या इमारतीतल्या मिक्सरने संपवलेलं असतं. हिशोबात मात्र ते तुमच्या नावावर जमा होतं.

समूह नेट मीटरिंग हे याचंच भावंड, पण उलट्या तोंडाचं. तिथे मालक एकच आणि त्याची मीटरं अनेक. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या एका इमारतीवर पॅनेल आहेत आणि तिथे उरलेली वीज त्याच संस्थेच्या दुसऱ्या इमारतीच्या बिलात वळती होते, असा तो प्रकार. सदनिकाधारकांच्या कामाचं मुख्यतः पहिलंच, म्हणून पुढे त्याच्याबद्दलच लिहितो.

दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये या दोन्ही पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्राच्या आयोगानेही छतावरच्या सौरसंचांविषयीच्या आपल्या नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने त्यांना जागा दिली. उदाहरण मी दिल्लीचंच घेतो. तिथले घरगुती दर सुटसुटीत आहेत आणि वाटणीतली खरी गंमत तिथे स्पष्ट दिसते.

समजा, चार मजल्यांची, चोवीस सदनिकांची, डीडीएने म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली इमारत आहे. प्रत्येकाचं मीटर वेगळं. (दिल्लीतल्या काही मोठ्या सोसायट्या एकाच बिंदूवर घाऊक वीज घेतात आणि आतल्या आत उपमीटरांवर वाटतात. त्यांना आभासी पद्धतीची गरज नसते. मुख्य मीटरवर साधं नेट मीटरिंग केलं की भागतं.) एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं ऊन लागतं. टाक्या, जिन्याची खोली आणि त्यांच्या सावल्या सोडून अडीच हजार चौरस फूट हाती लागले, तर २४ किलोवॅट बसतात. दर किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरली, तर महिन्याला २,८८० युनिटं होतात. ही वर्षभराची सरासरी झाली. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आकडा चांगलाच घसरतो.

आता वाटणी. चोवीसपैकी सतरा घरं पैसे घालायला तयार झाली. गच्ची मात्र चोवीस जणांची आहे, आणि ‘आमच्या डोक्यावरची गच्ची तुम्ही वापरणार, मग आम्हाला काय?’ हा उरलेल्या सात घरांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून १५ टक्के वाटा सामायिक मीटरला द्यायचं ठरलं, म्हणजे मेंटेनन्समधून थोडा फायदा सगळ्यांना मिळेल. उरलेल्या ८५ टक्क्यांतून सतरा घरांना प्रत्येकी ५ टक्के. महिन्याला सामायिक मीटरला ४३२ युनिटं आणि प्रत्येक घराला १४४.

वाटणी समान झाली. फायदा मात्र समान होत नाही. दिल्लीत पहिल्या २०० युनिटांना ३ रुपये, पुढच्या २०० ना साडेचार आणि ४०० ते ८०० च्या टप्प्यात साडेसहा रुपये, असे दर आहेत. त्यावर सरकारची सवलत: वापर २०० युनिटांपर्यंत असेल तर बिल शून्य, २०१ ते ४०० मध्ये असेल तर निम्मं बिल माफ (८०० रुपयांपर्यंत), आणि ४०० च्या वर काहीच नाही. २०२४ मध्ये लागू झालेल्या दिल्लीच्या सौर धोरणाने ही सवलत सौर युनिटं वजा करून उरणाऱ्या निव्वळ वापरावर धरली. पुढचा हिशोब फक्त वीज आकाराचा आहे. स्थिर आकार आणि अधिभार बाजूला ठेवले आहेत.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा उन्हाळ्यातला वापर ६५० युनिटं. त्यांचा वीज आकार ६०० अधिक ९०० अधिक १,६२५, म्हणजे ३,१२५ रुपये. १४४ युनिटं वजा झाली की उरतात ५०६ आणि आकार होतो २,१८९. बचत ९३६ रुपये. वजा झालेलं प्रत्येक युनिट त्यांच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या, साडेसहाच्या टप्प्यातलं आहे.

शेजारचं घर ३१० युनिटांचं. त्यांचा आकार १,०९५ रुपये, पण सवलतीमुळे खिशातून जातात साधारण ५५०. १४४ वजा झाल्यावर निव्वळ वापर १६६ आणि बिल शून्य. बचत तेवढीच, साडेपाचशेच्या आसपास.

तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा वापर १८० युनिटं. त्यांचं बिल आधीच शून्य. त्यांना १४४ युनिटं दिली काय, न दिली काय, बचत शून्य.

याच्या पुढचा टप्पा मला जास्त रंजक वाटतो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कुटुंबाने दोन वाटे घेतले असते, म्हणजे १० टक्के, तर त्यांची २८८ युनिटं वजा होऊन निव्वळ वापर ३६२ वर आला असता. तो ४०० च्या खाली गेल्यामुळे निम्म्या माफीला ते पात्र ठरले असते. आकार १,३२९, त्यातले निम्मे माफ, हातात बिल ६६५ रुपयांचं. पहिल्या वाट्याने ९३६ रुपये वाचवले, दुसऱ्याने १,५००च्या वर. म्हणजे दुसऱ्या वाट्यातलं एकेक युनिट दहा रुपयांहून जास्त मोलाचं ठरलं, जेव्हा दरपत्रकात सगळ्यात महाग युनिटसुद्धा आठ रुपयांचं आहे. सवलतीची उंबरठ्याची रेषा ओलांडल्याचा हा परिणाम.

तेव्हा ‘सगळ्यांना समान’ हे सूत्र सभेत पटकन मंजूर होतं, पण त्यातून पैशाची गळती होते. माझं मत विचाराल तर आधी प्रत्येक घराची बारा महिन्यांची बिलं टेबलावर ठेवावीत आणि मग वाटे विकावेत. ज्यांचा वापर मुळात शून्य बिलात बसतो, त्यांना पैसे घालायचा आग्रह करू नये; गच्चीतल्या त्यांच्या हक्काची भरपाई सामायिक मीटरमधून करावी. सवलतीचे आकडे सरकारगणिक बदलू शकतात, म्हणून वाटे बदलायची सोयही हवी. दिल्लीच्या तत्त्वांत आर्थिक वर्षातून दोनदा, दोन महिने आधी कळवून, टक्केवारी बदलता येते. उन्हाळ्यात एसीवाल्यांकडे जास्त आणि हिवाळ्यात गीझरवाल्यांकडे जास्त, असा खेळ त्यात बसतो.

वजा होऊनही युनिटं उरली तर ती पुढच्या महिन्यात जातात. आर्थिक वर्ष संपताना उरलेल्यांचे पैसे वीजकंपनी देते, पण तिच्या स्वतःच्या सरासरी खरेदी दराने, तुमच्या बिलातल्या दराने नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठा वाटा घेऊन ठेवणं तोट्याचं. आणि सवलतीचा भाग सोडला, तर स्थिर आकार कुठल्याच सौर युनिटाने कमी होत नाही.

दोन मर्यादा आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. संच आणि सगळी मीटरं एकाच वीजकंपनीच्या हद्दीत असावी लागतात. पूर्व दिल्लीतल्या गच्चीवरची युनिटं उत्तर दिल्लीतल्या घराच्या बिलात घालता येत नाहीत, कारण कंपन्या वेगळ्या. दुसरी मर्यादा ऐकून लोक नेहमी नाराज होतात: लाइट गेली की भर उन्हातही संच बंद पडतो. जाळं मेलं असताना इन्व्हर्टर वीज सोडत राहिला, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल, म्हणून तो स्वतःहून जाळ्यापासून तुटतो. आभासी पद्धतीत तर तुमच्या घराला गच्चीवरून तारच आलेली नसते.

आता बिघाडाकडे येतो. स्वतःच्या बंगल्यावर पॅनेल असलेला माणूस रोज सकाळी मोबाइलवर आकडा बघतो. सतरा जणांच्या संचाकडे कोणीच बघत नाही, आणि या पद्धतीतलं खरं नुकसान तिथे होतं. दुपारी आसपासच्या सगळ्या गच्च्यांवरून वीज आत येते तेव्हा गल्लीतल्या तारांमधला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की इन्व्हर्टर काही मिनिटं बंद होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद होतो. बिलात याचा पत्ता लागत नाही. नुसती दहा-पंधरा टक्के युनिटं कमी दिसतात आणि सगळे ढगांना दोष देतात. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधला दिवसाचा आलेख उघडला तर लगेच कळतं. निरोगी दिवसाचा आलेख टेकडीसारखा गुळगुळीत असतो. ढगाळ दिवसाचा वेडावाकडा. दाबामुळे बंद पडणाऱ्या संचाचा मात्र ऐन माथ्यावर, बारा ते दोनच्या मध्ये, करवतीच्या दात्यांसारखा शून्यापर्यंत खाली येतो. अशा वेळी इन्व्हर्टरची त्रुटींची नोंद छापून वीजकंपनीकडे द्यावी. दाब ठीक करणं तिचं काम आहे. आलेख गुळगुळीत आहे पण सबंध टेकडीच बुटकी झाली आहे, असं दिसलं तर ती धूळ. एप्रिल-मेच्या आंधीनंतर दिल्लीत हे हमखास होतं आणि पाइप घेऊन धुतल्यावर फरक त्याच दिवशी दिसतो.

बिल तपासायचं तर एकच गुणाकार: सौर मीटरवरची महिन्याची युनिटं गुणिले तुमची टक्केवारी. अ‍ॅपचा आकडा घेऊ नका. तो इन्व्हर्टरपाशी मोजलेला असतो आणि केबलमधली घट धरली की मीटरवर थोडा कमीच येतो. गुणाकार जुळला नाही तर आधी वाचनाच्या तारखा बघा. सौर मीटर एक तारखेला आणि तुमचं मीटर अठरा तारखेला वाचलं जात असेल, तर जमा एक बिल उशिरा दिसते. तारखा जुळूनही जमा शून्यच असेल, तर बहुतेक वेळा मीटर कोणाच्या नावावर आहे हे पाहावं लागतं. सदनिका विकत घेऊन दहा वर्षं झाली तरी मीटर आधीच्या मालकाच्या नावावर असलेली घरं प्रत्येक इमारतीत दोन-चार निघतात. वाट्याचा करार नव्या मालकाच्या नावाने आणि मीटर जुन्याच्या, मग जमा अडकते. म्हणून पॅनेलची कोटेशनं मागवायच्या आधी सतराही मीटरांची नावं बदलून घ्यावीत. आणि सदनिका विकताना वाटा घराबरोबर जाणार की विकणाऱ्याला पैसे परत मिळणार, हे सोसायटीच्या ठरावात त्याच सभेत लिहून घ्यावं.